तिसऱ्यापासून वाच

निकमबाई गेल्या हे खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातूनच ओरडून सांगितलं. फोन त्यांच्याकडेच येतो ना आमचा. "सुजा, अगं तुझ्या ड्रॉइंगच्या बाई गेल्या गं, पनवेलच्या!" मी वर्गातल्या मुलांची चित्रं तपासत बसले होते. हातातली पेन्सिल तशीच राहिली. रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की आता सांगायचं राहिलं ते राहिलंच...

याला सव्वा महिना झाला. बाईंबद्दल चांगलं चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत, लिहू देत. मला माझं लिहायचंय.

नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट. वाशीत आमची शाळा. वर्गात अर्धी आमच्यासारखी, म्हणजे वडील मार्केटमध्ये माथाडी, मूळ गाव साताऱ्याकडे. आणि अर्धी इथल्याच खाडीकाठच्या गावांतली. जयवंती त्यांतली. माझ्याच बाकावर बसायची. तिचं बोलणं आम्हाला गमतीचं वाटायचं आणि आम्ही तिची नक्कल करायचो, ती बिचारी आमच्यासोबतच हसायची. निकमबाई चित्रकलेच्या. उंच, सुती साडी, आणि बोटांना कायम शिशाचा काळा रंग. चित्र बघायला उभ्या राहिल्या की हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायच्या. आम्ही मागे उभं राहून तस्संच करायचो. "करा करा, नकलेतून तरी शिका," म्हणायच्या.

आठवीत त्यांनी वस्तुचित्र काढायला दिलं. टेबलावर पितळी तांब्या, दोन कांदे, खाली घडी विस्कटलेली चादर. पुढच्या आठवड्यात त्यांच्या आईच्या आजारपणामुळे त्यांना गावी जावं लागलं. जाताना मला बोलावलं. मी मॉनिटर, शिष्ट नंबर एक! हातात पत्र दिलं. "वर्गाला वाचून दाखव आणि बोर्डावर लाव. तिसऱ्यापासून वाच. आणि सगळं वाच हं, नुसते नंबर नाही."

ते पत्र आत्ता माझ्यासमोर आहे.

"प्रिय आठवी ब, सगळ्यांची चित्रं पाहिली. तीन बोर्डावर लावली आहेत, कारण या तिघांकडून बाकीच्यांना काही घेता येईल. क्रम या चित्रांचा आहे, मुलांचा नाही. आणि तो आपण आधी ठरवलेल्या तीनच गोष्टींवरून लावला आहे: कागदावरची मांडणी, मापं आणि छाया-प्रकाश.

तिसरी जयवंती. तिची रेषा तिघांत सर्वांत जिवंत आहे. तांब्याच्या गळ्याचं वळण तिने एका दमात, खोडरबर न लावता काढलंय. जवळ जाऊन बघा. पण गळ्यापासून सुरुवात केल्यामुळे खाली येईपर्यंत कागद संपला. तांब्याचा तळ कापला गेला, कांद्यांना जागा उरली नाही. जयवंती, आधी चार फिकट खुणा कर: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. सगळं त्यात बसतंय ना बघ, मग रेषा मोकळी सोड. एका दुपारचं काम आहे. अशी रेषा मात्र मला कुणाला शिकवता येत नाही. शनिवारपर्यंत मी परत येईन, तेव्हा शाळेत ये, दोघी मिळून करू. तुला ग्रेड परीक्षेला बसवायचं आहे.

दुसरा प्रशांत. उजेड खिडकीकडून येतोय हे त्याच्या चित्रात न सांगता कळतं. सावलीमुळे कांदे चादरीवर बसलेत, तरंगत नाहीत. पण तांब्याचं तोंड लंबगोल आणि तळ मात्र सरळ रेघ, असं कसं? तोंड वरून दिसत असेल, तर तळाची कडाही गोलच वळणार, तोंडापेक्षा थोडी जास्तच. प्रशांत, घरी पाण्याचा पेला घेऊन हळूहळू डोळ्यांच्या पातळीखाली ने, म्हणजे दिसेल.

पहिली सुजाता. मांडणी आणि मापं चोख. कागदावर प्रत्येक वस्तूला तिची जागा आहे. पण छाया सगळीकडे एकसारखी, आणि चकाकी जिथे नव्हती तिथे काढली आहे. सुजाता, तू तांब्या आठवून काढलास, बघून नाही. पुढच्या वेळी कागदापेक्षा वस्तूकडे जास्त बघ."

मी हे त्याच दिवशी घरी वाचलं आणि माझा जळफळाट झाला. पहिली मी, आणि कौतुक हिचं? वर मलाच सगळ्यांसमोर ऐकवायचं की मी बघत नाही?

दुसऱ्या दिवशी पत्र घडी करून हातात धरलं आणि वाचलं, "पहिली सुजाता, दुसरा प्रशांत, तिसरी जयवंती." टाळ्या झाल्या. बोर्डावर पत्र लावलंच नाही, दुकानाच्या पाटीसारख्या ठळक अक्षरात तीन नावं लिहून तेवढा कागद लावला.

जयवंतीने विचारलं, "मना काय लिवलंय का बाईंनी?"

"तांब्याचा तळ कापलास म्हणून तिसरी."

"तीनान तिसरी म्हंजे शेवटचीच ना गं!" ती हसली. शनिवारी आली नाही. येईल कशाला, तिला बोलावल्याचं तिला ठाऊकच नव्हतं.

बाई शनिवारी परतल्या होत्या. सोमवारी त्यांनी मला विचारलं. "सगळं वाचलंस ना?" "हो बाई." "पत्र कुठाय?" "पडलं कुठेतरी." दोनदा त्यांनी जयवंतीला ग्रेड परीक्षेबद्दल विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. तिसऱ्या नंबरवालीला बाई उगाच धीर देतायत, असं तिला वाटलं असणार. आणि बाईंना वाटलं, मुलीचं मन आपण मोडलं. त्यानंतर बाईंनी वर्गासाठी असं पत्र कधी लिहिलं नाही. नंबरही लावला नाही. ज्याच्या त्याच्या चित्रामागे दोन ओळी, बस्स.

मी मात्र त्यांच्याच हाताखाली शिकत राहिले, ग्रेडच्या दोन्ही परीक्षा दिल्या, चित्रकलेची शिक्षिका झाले. दर दिवाळीला पनवेलला त्यांच्याकडे जायचे. यंदाही गेले. बाई थकल्या होत्या. चहा झाल्यावर एकदम म्हणाल्या, "सुजाता, ती जयवंती आठवते? तिला तिसरी म्हणायला नको होतं गं मी. फार जपून लिहिलं होतं... तरी कुठेतरी चुकलंच माझं."

पत्र माझ्या कपाटात होतं. तोंड उघडायचं होतं, एवढंच! मी म्हणाले, "बाई, किती जुनी गोष्ट ती." आणि कपबशा उचलून आत गेले. लाज वाटते हे लिहिताना. तेव्हा वाटायला हवी होती.

गेल्या रविवारी उरणला जाऊन आले. जयवंतीचं सासर तिथल्या मोरा बंदरावर, धक्क्याच्या जवळ. दारात मासळी वाळत घातलेली, कडेवर मूल. आधी ओळखलंच नाही तिने, मग "आगो, मॉनिटर!" म्हणून ओरडली. मी सगळं सांगितलं आणि पत्र दिलं. तिने ते उभ्यानेच वाचलं, अक्षरावर बोट ठेवून, सावकाश. दोनदा वाचलं. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या.

"बाईंना ठाव व्हतं का, मी ह्ये वाचलंच नाय त्ये?"

"नाही."

"मंग त्यांना वाटलं आसंल, मीच नाय आली."

मूल तिने माझ्याकडे दिलं. आतून थोरल्या पोराची पाटी आणि खडू आणला, उंबऱ्यावर बसली. पाटीवर चार खुणा केल्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. समोर पाण्याची कळशी होती, तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग एका दमात रेषा ओढली, गळ्यापासून तळापर्यंत. तळ खालच्या खुणेच्या बरोब्बर आत बसला.

"आसंच ना?" तिने विचारलं, आणि पाटी माझ्यापुढे धरली.