शिट्टी थांबल्यावरही रेडिओ बाहेर का गेला

आमच्या घराण्यात एखादे लग्न किंवा बारसे निघाले, की जेवणानंतर तो फोनचा किस्सा निघतोच. आणि तो सांगण्याचा मान माझ्या चुलतभावाने परस्पर स्वतःकडे घेऊन ठेवला आहे. त्याच्या सांगण्यानुसार माझी बायको फोनवर रडली, मी तिच्या हातून रिसीव्हर हिसकावून घेतला, आणि रेडिओवरच्या डॉक्टरांनी आमच्या मुलीचे दुखणे नागपुरात बसल्या बसल्या ओळखले. या तिन्ही गोष्टी साफ खोट्या आहेत. ऐन वेळी तो शेजारच्या गोदामात तांदळाच्या पोत्यावर बसून रेडिओ ऐकत होता. मी फोनच्या खोलीत होतो. त्याने शब्द ऐकले, हे मी मान्य करतो. पण ते शब्द बोलले जात असताना खोलीत काय चालले होते, हे त्याने पाहिलेले नाही, आणि या प्रसंगाचे सारे मर्म त्या खोलीतच आहे.

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाटला राहत होतो. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून दुपारी बायकांसाठी एक कार्यक्रम लागे आणि त्यात एक नवा प्रयोग सुरू झाला होता. श्रोत्यांनी पोस्टकार्डावर विषय लिहून, जवळच्या एखाद्या फोनचा नंबर कळवायचा. केंद्रातले लोक ट्रंक कॉल लावून त्यांना कार्यक्रमातच डॉक्टरांशी बोलायला देत. माझ्या बायकोने कार्ड टाकले. विषय लिहिला : मुलांचा आहार. नंबर दिला गल्लीच्या टोकाच्या राइस मिलचा, कारण आमच्या भागात फोन तेवढाच होता.

आमची मुलगी तेव्हा दोन वर्षे पूर्ण करून तिसऱ्यात होती. ती बोलत नव्हती, आणि हाक मारली तर बहुधा येत नव्हती. माझ्या आईला त्याचे फार कौतुक. "आजोबावर गेली," असे ती अभिमानाने सांगे, "मनात आलं तं येईन, नाही तं नाही." आईच्या त्या कौतुकापुढे दुसरी शंका बोलून दाखवणे माझ्या बायकोला जमत नव्हते. तिने ती मलाही सांगितली नव्हती. आहाराविषयी विचारायचे आहे, असेच मी समजून होतो.

फोन यायच्या दिवशी मिलच्या ऑफिसात जत्रा भरली. शेठजी होते, मुनीम होता, हमाल होते, शेजारणी होत्या, आणि साऱ्यांच्या मागे, दाराबाहेर, माझा चुलतभाऊ होता. शेठजींनी मेजावर फोनच्या शेजारीच आपला मोठा रेडिओ लावून ठेवला होता. आपल्या ऑफिसातला आवाज आपल्याच रेडिओतून निघणार, ही संधी ते सोडणार नव्हते. घंटी वाजली. एक्स्चेंजमधली बाई म्हणाली, "नागपूर लाइन पर है, बात कीजिए." मग केंद्रातला एक माणूस बोलला. त्याने घाई न करता सारे समजावले : आता फोन खाली ठेवायचा नाही, कार्यक्रम फोनमधूनच ऐकू येईल, आपली पाळी आली की निवेदिका स्वतः बोलतील, आणि नाव सांगायचे नसेल तर 'बालाघाटच्या एक ताई' एवढेच म्हटले जाईल. बायकोने नाव नको म्हणून सांगितले. त्या काळ्या रिसीव्हरचा आवाज दणदणीत होता, आणि मी मागून कान लावला होता. मी काही हिसकावले नाही.

पाळी आली आणि बायकोने "नमस्ते" म्हणताच खोलीत कर्कश शिट्टी घुमली. फोनमधला आवाज रेडिओतून बाहेर पडून पुन्हा फोनमध्ये शिरत होता. शेजारणींनी कानांवर हात ठेवले. निवेदिका मात्र हसूनच म्हणाली, "ताई, जवळ रेडिओ आहे ना? तो अगदी बारीक करायला सांगा." शेठजींनी बटण पिरगाळले. शिट्टी थांबली. ती तेव्हाच पूर्ण थांबली, हे कृपया ध्यानात ठेवावे.

"आता छान ऐकू येतंय. माझा आवाज येतोय का तुम्हाला?"

"हौ."

"बालाघाटहून बोलताय. आज स्वयंपाक करून आलात की जाऊन करायचाय?"

"करून आली जी."

"काय केलं होतं?"

"भात. वरण. वांग्याची भाजी."

"तुमच्याकडचा चिन्नोर तांदूळ आमच्याकडे फार नावाजतात. रोज तोच असतो का?"

"नाही वं बाई!" माझी बायको एकदम म्हणाली. "चिन्नोर पाव्हण्याले. आमच्या घरी रोज लुचईचा भात."

निवेदिका मोकळेपणाने हसली. "बघा, मला हे माहीतच नव्हतं."

माझा भाऊ म्हणतो, बाईने तांदळाच्या गप्पांत वेळ घालवला. त्याला काही कळलेले नाही. तिने आधी असे प्रश्न विचारले, ज्यांचे उत्तर चुकूच शकत नाही; आणि मग असा एक विचारला, जिथे माझ्या बायकोला तिची चूक दुरुस्त करता आली. ज्याची चूक आपण नुकतीच दुरुस्त केली, त्याची भीती वाटत नाही. आणखी एक. तिने आमच्या बोलीची नक्कल केली नाही. ती स्वतःच्या भाषेत बोलली आणि आमची भाषा जशी आली तशी घेतली. नक्कल केली असती, तर मी तिथेच फोन बंद करायला लावला असता.

"आता विचारा ताई, सावकाश."

"पोरीले... पोरीले खायले काय द्याव?"

डॉक्टरांनी लगेच दूध, केळी, डाळीचे पाणी असे सुरू केले. निवेदिकेने त्यांना हळूच अडवले. "एक क्षण डॉक्टरसाहेब. ताई, मुलगी जेवते का पोटभर?"

"हौ. जेवते नं. पुन्हा मांगते."

इथे दुसरे कोणी असते, तर म्हणाले असते, मग विचारता कशाला? ती म्हणाली, "मग खाण्याची काळजी मिटली, हे किती चांगलं. तिच्याबद्दल आणखी काही मनात आहे का?"

बायको गप्प. तिच्या बांगड्या रिसीव्हरवर वाजल्या. भावाने ज्याला रडणे म्हटले, तो हा आवाज. निवेदिकाही गप्प राहिली. रेडिओवर गप्प राहणे किती महाग असते, हे तिला ठाऊक असणारच. तरी तिने ती शांतता भरली नाही. ती शांतता भरली आमच्या मुनीमाने. "बोल नं बाई, लाजतं काय? सारा जिल्हा ऐकून राह्यला!" एक शेजारीण फिसकन हसली.

हे फोनमधून पलीकडे गेले. आणि तेव्हा निवेदिका म्हणाली, "ताई, तिथल्या मंडळींना माझी एक विनंती सांगा. रेडिओ जरा दूर न्यायला सांगा, दुसऱ्या खोलीत. म्हणजे त्यांनाही मोठ्या आवाजात नीट ऐकता येईल."

शिट्टी केव्हाच थांबली होती. रेडिओ बारीक होता. मग तो बाहेर कशासाठी? हा प्रश्न मी माझ्या भावाला अनेकदा विचारला आहे आणि तो प्रत्येक वेळी शिट्टीचेच उत्तर देतो. अरे, तिला रेडिओ नव्हता बाहेर पाठवायचा! शेठजींनी रेडिओ उचलून गोदामात नेला आणि त्याच्यामागे मुनीम, हमाल, शेजारणी आणि माझा भाऊ, सारे आपापल्या पायांनी गेले. कोणाचा अपमान झाला नाही, कोणाला बाहेर काढल्यासारखे वाटले नाही. ऐकणारे ऐकणारच होते, पण चेहरे गेले. मी दार लोटले.

"आता कोण आहे तुमच्याजवळ?"

"माहे मालक आहेत फक्त."

"ते असू देत ना?"

माझ्या बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "असू द्या," ती म्हणाली.

ट्रंक कॉल तीन-तीन मिनिटांनी मोजत; मध्येच एक्स्चेंजमधली बाई लाइनवर आली, "और तीन मिनट हो गए." निवेदिकेने "वाढवा" एवढेच तिला सांगितले आणि त्याच स्वरात पुढे म्हणाली, "ताई, हे आमचं आमचं चालतं, तुम्ही निवांत राहा. मला मुलीचा दिवस सांगा. सकाळी उठते, मग काय करते?"

काय बिघडले आहे, असे तिने विचारले नाही. दिवस विचारला. दिवस कोणालाही सांगता येतो.

"उठते, पदर धरते माह्या. मंग आंगणात जाते. कोंबड्याइच्या मांगं धावते. मी चुलीपासून हाक मारते तं..."

"हाक मारता, तर..."

"तं पाहत नाही. कितीकही मारा. समोर जाऊन बसली का मंग हासते, गळ्यात पडते."

"समोर गेलात की हसते."

"हौ. पाठीमांगं थाली पडली त्या दिवशी. आमी सारे दचकलो. ते खेळूनच राह्यली होती."

ती थाळी माझ्याच हातून पडली होती, आणि मुलगी किती धीट म्हणून आम्ही हसलो होतो.

"मी नीट समजले का, सांगा हं," निवेदिका म्हणाली. "मागून हाक मारली, भांडं पडलं, तर ती वळत नाही. समोर गेलं की ओळखते, हसते. बरोबर?"

"बरोबर."

"मग तुमचा प्रश्न काय आहे, ताई?"

प्रश्न तिला कळला होता. डॉक्टरांना कळला होता. मला कळला होता. तरी तिने तो स्वतः उच्चारला नाही. माझ्या बायकोच्या हातचा तो काढून घेतला नाही.

"माह्या पोरीले ऐकू येते का नाही?"

"अगदी नेमकं विचारलंत," निवेदिका म्हणाली. "आता डॉक्टरसाहेब, बोला."

डॉक्टरांनी निदान केले नाही. मुलीला पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. हट्ट किंवा लाड समजून थांबू नका, कानाच्या डॉक्टरांकडे लवकर न्या, एवढाच त्यांचा सल्ला. त्यात त्यांचा कमीपणा नाही. पण श्रेय ज्याचे त्याला द्यावे.

आई हे सारे शेजाऱ्यांकडे रेडिओवर ऐकत होती. ती सुनेवर रागावली आणि दोन दिवस जेवली नाही, ही भावाची आणखी एक भर. आम्ही घरी आलो तेव्हा आई अंगणात नातीच्या पाठीमागे उभी राहून तिला हाका मारून पाहत होती. मग ती फिरून समोर गेली, मुलीला उचलले आणि सुनेला म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं वं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं, आत्याबाई."

"वाटलं. वाटू दे. सकाळच्या गाडीनं जाऊ. मीबी येते."

नागपूरला कानाच्या डॉक्टरांनी विचारले, की काय होते मुलीला? आईने तोंड उघडले, मीही उघडले. बायकोने आम्हां दोघांना हातानेच थांबवले आणि मुलीचा दिवस सांगायला घेतला : उठते, पदर धरते, अंगणात जाते. एका कानाने थोडे ऐकू येत होते, कानाच्या यंत्राने काम भागणार होते, हे सारे नंतर निघाले. त्या घटकेला डॉक्टरांनी अर्ध्यातच लिहायला सुरुवात करून "बरं, बरं, समजलं" म्हटले, तेव्हा माझी बायको, जी मिलच्या ऑफिसात 'नमस्ते' म्हणताना घामाघूम झाली होती, ती म्हणाली, "थांबा जी. माहं अजून सांगून नाही झालं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले.