तिचा आवाज कराराबाहेर

बायको गेल्यानंतर तिच्या स्वयंपाकाच्या व्हिडिओंचं पान मुलीने चालू ठेवलं. आमच्या धुळ्याच्या घरात त्या दोघी मिळून ते करत. आई अहिराणीत बोलत स्वयंपाक करायची, मुलगी मोबाईल धरायची. मी आतल्या खोलीत वाचत बसायचो. आता मुलगी एकटीच करते. नोकरी सोडून तिने हेच काम धरलं आहे.

जळगावच्या एका मसाल्याच्या पेढीने तिला बोलावलं, तेव्हा मीही सोबत गेलो. मी ग्रंथपाल होतो. कराराचा मसुदा सावकाश वाचणं एवढंच मला जमतं.

पेढीच्या मागच्या खोलीत म्हातारे शेठजी लोडाला टेकून बसले होते. त्यांचं कुटुंब पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं, पण मराठी आमच्याइतकीच सहज. बोलणी त्यांचा पुतण्या करत होता. मुलीने तीन नवे व्हिडिओ करून द्यायचे होते, आणि वर आईची एक जुनी क्लिप त्यांना जाहिरातीसाठी हवी होती. क्लिपमध्ये ती पाट्यावर काळा मसाला वाटते आहे.

मुलगी शांतपणे एकेक अट घेत होती. वर्षभर दुसऱ्या कुठल्याही खाद्यपदार्थाची जाहिरात करायची नाही, असं मसुद्यात होतं. तिने ते फक्त मसाल्यांपुरतं आणि तीन महिन्यांवर आणलं. ‘समाधान होईपर्यंत दुरुस्त्या’ हे तिने खोडायला लावलं. आधी मजकूर मंजूर करा, मग दोनदा दुरुस्ती. त्यानंतर पुन्हा चित्रीकरण लागलं तर वेगळे पैसे. निम्मी रक्कम कामाआधी हवी होती. उरलेली, व्हिडिओ त्यांच्या हाती दिल्यावर पंधरा दिवसांत; ते कधी टाकायचे हे त्यांनी ठरवावं. पुतण्या म्हणाला, ‘ताई, तुम्ही तर आमच्या दलालांपेक्षा कठीण आहात.’ ती हसली नाही.

मग वापराच्या हक्काचं कलम आलं. नवे व्हिडिओ सहा महिने, त्यांच्या पानावर आणि ऑनलाईन जाहिरातीत. ते मान्य झालं. आईच्या क्लिपपुढे मात्र लिहिलं होतं: कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, कोणत्याही भाषेत, आवश्यक ते बदल करून. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

पुतण्याने समजावलं की इंदूर-सुरतेसाठी हिंदी-गुजराती लागेल. हल्ली मशीन त्याच माणसाच्या आवाजात बोलतं, कुणाला कळतही नाही. शिवाय क्लिपमधलं एक वाक्य बदलावंच लागेल. त्याने ते ऐकवलं.

‘हाऊ मसाला घरना शे, दुकानना नही.’

ती गेल्यापासून मी हा आवाज ऐकला नव्हता. ऐकायचं धाडस झालं नव्हतं. पुतण्याने ते वाक्य पुन्हा लावलं, कुठून कुठपर्यंत बदलायचं ते दाखवायला. मी समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलो.

मुलीने विचारलं, क्लिप दिली नाही तर? एक तृतीयांश रक्कम कमी होईल, असं उत्तर आलं. तिला नवा कॅमेरा घ्यायचा होता, हे मला ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. माझं दुःख तिच्या पोटापाण्याच्या आड यावं, असं मला वाटत नव्हतं; आणि ‘दे’ असंही तोंडातून निघेना.

ती म्हणाली, ‘क्लिप जशी आहे तशी लावा. तीन महिने, फक्त तुमच्या पानावर. आवाजाला हात लावायचा नाही.’

‘अहो ताई, आमच्याच जाहिरातीत दुकानाचा मसाला नाही म्हणायचं?’

‘मग क्लिप घेऊ नका. आईने जे म्हटलं नाही, ते मी तिच्या तोंडी घालणार नाही.’

शेठजी लोडावरून पुढे झाले. ते पुतण्याला म्हणाले, ‘बाई तुझ्या मालाला चक्क नाही म्हणते आहे, आणि तू तिलाच विकायला उभी करतोस?’ मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, ‘सर, माफ करा. पोरगं धंद्याचं बोलतं.’ क्लिप वगळली गेली; रक्कम मात्र त्यांनी कमीच केली. मुलीने घासाघीस केली नाही.

परतताना पारोळ्यापर्यंत आलो. मग ती म्हणाली, ‘कॅमेरा पुढच्या वर्षी बघू.’ मी मान हलवली.

सुधारलेला मसुदा मेलवर आला. मी तो सावकाश वाचला. शेवटी मुलीच्या सांगण्यावरून एक वाक्य घातलेलं होतं: या पानावरील आधीचे सर्व व्हिडिओ, त्यांतील चेहरा व आवाज या कराराच्या बाहेर असून कुटुंबाकडेच राहतील. बायको गेल्यापासून माझ्यासमोर आलेला प्रत्येक कागद कुठून ना कुठून तिचं नाव कमी करण्यासाठी होता: बँक, गॅस, रेशनकार्ड. हा पहिलाच कागद, ज्यात तिचं काहीतरी आमच्याकडे राहील असं लिहिलं होतं.

मुलीला म्हटलं, ‘बरोबर आहे. सही कर.’