पाळी बदलताना बोलायचं

शनिवारी संध्याकाळी मी आणि बायको चित्रान्नाच्या भातासाठी शेंगदाणे सोलत बसलो होतो. तिच्याबरोबर केलेलं साधं काम म्हणावं असं ते शेवटचं.

मी बेंगळुरातल्या कारखान्यात लेथच्या सेक्शनला फोरमन. शिक्षण चौथी. रात्रपाळीवाल्यानं मोडलेल्या हत्याराचा दंड दिवसपाळीवाल्याला झाला, तेव्हापासून दोन्ही पाळ्यांत अबोला. मशीन कुठं बिघडलंय ते जाणारा येणाऱ्याला सांगेना. माल बाद व्हायचा. सुधारलं नाही तर सेक्शन मोडून माणसं वाटून टाकू, असं इंजिनिअरसाहेब म्हणाले होते. म्हणून रविवारी सगळ्यांना हेब्बाळच्या तळ्यावर न्यायचं ठरवलं. बस कारखान्याची, जेवण घरचं, वर केळी आणि ताक. तेवढेच पैसे मिळाले होते.

सहलीच्या बेताचा कागद तिनंच लिहिला. "अहो, कशाला नेताय ते एका ओळीत सांगा."

"पाळी बदलताना बोलावं म्हणून."

"मग खेळबीळ नकोत. दहा ते बारा एकाच मशीनवरचे दोघं दोघं बसवा. काय सांगितलं नाही, काय सांगायला हवं, तेच बोलू दे. जेवायलाही तसेच. आणि साधलं ते कसं कळणार?"

"महिनाभर पाळीच्या पहिल्या तासात बाद झालेले नग मोजू. मागच्या महिन्याचे आहेतच."

"सरी, ठीक आहे. पण साहेबाला नेऊ नका. त्याच्यापुढं कोण चूक कबूल करणार?"

बस त्यांनी दिली, मग नको कसं म्हणायचं? मी मूर्खानं त्यांना बोलावलं.

साहेब दहाला बोलायला उभे राहिले ते बाराला बसले. मग मी म्हटलं, "बोला रे." एकजण पुटपुटला, "अण्णा, दंड करणाऱ्यासमोरच बोलायचं होय?" जेवायला दोन पाळ्या दोन झाडांखाली.

चारला घरी आलो तर दारात शेजारी. दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. दिवस मावळायच्या आत नेली. दोन्ही पाळ्यांची माणसं आली. तिथंही वेगवेगळी उभी.

महिन्यानं नग मोजले. तेवढेच बाद. सेक्शन मोडला.

पण ती गेली त्या रात्री हे मला ठाऊक नव्हतं. रात्रपाळी दहाला कामावर गेलीच होती. सकाळी बहीण म्हणाली, "सुतकात कुठं निघालास?" मी ऐकलं नाही. सहाला लेथपाशी जाऊन उभा राहिलो. रात्रीचा माणूस हात पुसून निघाला, तसा त्याला अडवला. "सांगून जा."

माझ्या तोंडाकडं बघून तो म्हणाला, "चक स्वल्प हलतोय, अण्णा."

"मला नको. त्याला सांग."

दिवसपाळीवाला हाताच्या अंतरावर उभा होता. रात्रीचा माणूस त्याच्या अंगावरून निघून गेला. दिवसपाळीवालाही खिडकीकडं बघत राहिला. मी पाना मागितला, नग धरणाऱ्या त्या चकचे बोल्ट स्वतः आवळले आणि तिच्या अस्थी आणायला गेलो.