वजाबाकी एकदाच दिसत होती

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना मी पायथन ही संगणकाची भाषा शिकले आणि माझी छाती फुगली. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या उगवण प्रयोगशाळेत मी प्रमुख होते. नात आज ज्युपिटर नोटबुकवर, म्हणजे पायथनच्या ओळी तुकड्या-तुकड्यांनी चालवायच्या पानावर, अडली की मी तिला हसून चिडवते. तेव्हाची मी मात्र चिडवण्याच्याही लायकीची नव्हते.

मोजणीला एक बाई होत्या, वीस वर्षं जुन्या. उगवलेली रोपं आणि त्यातली वेडीवाकडी, दोन्ही कार्डावर लिहून मला वाचून दाखवायच्या. मी फाईलमध्ये भरायचे. नोटबुकातला एक सेल, म्हणजे ओळींचा एक चौकोन, फाईल वाचायचा, दुसरा ‘उगवलेली’मधून ‘वेडीवाकडी’ वजा करून उत्तर परत ‘उगवलेली’तच ठेवायचा.

निवृत्तीच्या वर्षी एकदा त्या दुसऱ्या सेलमधलं शीर्षक सुधारलं आणि तो पुन्हा चालवला. झालं! वजा झालेल्यातूनच पुन्हा वजा, म्हणजे वजाबाकी दोनदा झाली. पडद्यावर ती एकदाच लिहिलेली. मी आयुष्यभर रजिस्टर वाचलेली बाई. वरचं आधी, खालचं नंतर, एकेकदाच, हेच डोक्यात. डावीकडच्या कंसातला आकडा कोणता सेल कितव्या क्रमाने चालला ते सांगतो. पहिल्यावर एक आणि त्याच्या लगेच खालच्यावर दोनऐवजी तीन दिसत होता. मला वाटलं, असेल काहीतरी शोभेचं.

कपाशीचे लॉट शंभरात पंचाहत्तर या किमान उगवणीच्या खाली गेले. साहेब खवळले. बाई कार्ड घेऊन आल्या.

“मॅडम, सत्त्याऐंशी उगवले, सात वाकडे. बराबर ऐंशी होतात.”

“इथं वजा करून त्र्याहत्तर आहेत. म्हणजे तुम्ही ऐंशी वाचले, नंतर कार्डावर सत्त्याऐंशी केले.”

“मी? कार्ड खोडलंय का कुठं, बघा तरी!”

रोपं मोजून झाली की फेकून देतात, पुन्हा मोजणार काय? मूळ फाईल उघडायचं मला सुचलं नाही. साहेबांसमोर मी म्हणाले, “यांचे डोळे गेलेत, आता हातही सरळ राहिला नाही.” त्यांना पॅकिंगला टाकलं. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं.

पुढं मोजणीच्या नव्या मुलीला दाखवताना कर्नल रिस्टार्ट करून, म्हणजे मेमरी पुसून, सगळे सेल वरून खाली चालवले. त्याच लॉटचे ऐंशी. पुन्हा चालवले. ऐंशीच. तोपर्यंत मेमरीत काय उरलं होतं ते तिथं कळलं, आणि माझ्या अकलेत काय उरलं होतं तेही.

बाईंच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चहा ठेवला नाही.

“साहेबांना सांगितलं?”

“अजून नाही.”

“मंग मला काय सांगून राह्यल्या? मला तर तेव्हाच माहीत होतं.”

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, पुढच्या महिन्यात तुमचा निरोप समारंभ आहे.”

समारंभाला हार घातला. भाषणात कुणी म्हणालं, अचूकता शिकावी तर मॅडमकडून. मी हात जोडून उभी राहिले. माईक समोरच होता.