काकांचा बिघडलेला सूर्यास्त

आमच्या शेजारचे ड्रायव्हरकाका शाळेची बस चालवतात आणि रोज गच्चीवरून सूर्यास्ताचे फोटो काढतात. फोटोत सूर्याला जावयासारखं वरच्याच जागी बसवतात. त्यातलाच एक काल त्यांच्या लेकीने त्यांच्या फोनवर वॉलपेपर म्हणून लावला. आज सकाळी त्या झगझगीत आभाळात फोनचं पांढरं घड्याळ दिसेना, बस वीस मिनिटं उशिरा निघाली आणि मुख्याध्यापिकेने बजावलं, ‘‘पुन्हा उशीर झाला तर दुसरा ड्रायव्हर बघू.’’

संध्याकाळी काकांचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. मी निमित्त काढून गेलेच.

‘‘बापाची नोकरी घालवशील!’’

‘‘सूर्य फोटोच्या कपाळावर कोणी चिकटवला, बाबा?’’ लेकही तापली.

ती त्यांचे बाकीचे फोटो एकेक करून लावून बघू लागली. दुसऱ्या फोटोत घड्याळ दिसलं, पण खाली चमकत्या पाण्यात आयकॉन बुडाले. तिसऱ्यात ते तारांच्या आणि छपरांच्या गर्दीत हरवले. चौथ्यात वर काळा ढग, खाली अंधारलेलं शेत आणि मधे केशरी रेघ.

‘‘तो बिघडलाय! सूर्यच नाही!’’ काका ओरडले.

‘‘काका, वाजले किती?’’ मी विचारलं.

त्यांनी फोन हातभर लांब धरून बघितलं. ‘‘सहा बावन्न,’’ ते गुरगुरले. ‘‘ठेव हाच. पण कुणी विचारलं तर फोटो तू काढलास म्हणून सांग!’’