दोघींसाठी एक पोशाख

धाकटी कारखान्यात लेथ मशीनवर काम करायची. बाप गेल्यापासून घर तिच्या आणि आईच्या हातांवर चाललं होतं. थोरलीच्या लग्नाचा पोशाख बघायला तिघी दुकानात आल्या, तेव्हा आईचं गणित तयार होतं.

"भाडं चार हजार, फिटिंग पाचशे, धुलाई पाचशे. झाले पाच हजार. तीन हजारांची अनामत परत मिळते, ती धरू नका. विकत घ्यायचा तर सात हजार, वर फिटिंग-धुलाई हजार."

"मग भाड्यानंच घ्या की," दुकानदार म्हणाला.

"अहो, दोन लेकी आहेत! दोनदा भाडं म्हणजे दहा हजार. विकत घेऊन धाकटीसाठी पुन्हा फिटिंग-धुलाई केली, तर नऊ."

थोरली आरशासमोर वळून वळून बघत होती. धाकटीची मात्र चुळबुळ सुरू झाली. ती दारापर्यंत गेली, परत आली, पोशाखाची शिवण उलटून बघू लागली.

"बघतेस काय? कंबरेत दाबला की तुला बसेल," आई म्हणाली.

"आई, मला त्यात धरू नकोस. मला लग्न करायचं नाही."

थोरलीही वळायची थांबली. आईने धाकटीकडे पाहिलं.

"कोणी काही बोललं का?"

"नाही गं. मला मशीनवरच बरं वाटतं."

आईने पर्स उघडली. "भाड्यानं द्या," ती दुकानदाराला म्हणाली. मग धाकटीकडे न बघताच म्हणाली, "अनामत परत आली की कामावरचे बूट घे. तुझे फाटलेत."