शेवटच्या पानावरचे सारखे कॉलम

कुमुद मॅडम नवीन पनवेलच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मृदा-अभियांत्रिकी शिकवायच्या. राहायच्या खांदा कॉलनीत. स्वभाव शिस्तीचा, एखाद्या विद्यार्थ्याच्या जर्नलमधली रेघ वाकडी दिसली तरी त्यांचं डोकं फिरायचं. मी त्यांच्याच विभागात नवी लागले होते. आधी त्यांना घाबरायचे, मग त्यांचा लळा लागला.

१९९६ साली त्यांचा जासईच्या चिखलमातीवरचा पेपर एका मोठ्या परिषदेत स्वीकारला गेला. त्या मातीची मोजमापं घ्यायला खड्डे खणले होते कान्हाने. डोंगराकडच्या वाडीवरचा हा मजूर. अशा खड्ड्यांच्या बाजूंना फळ्यांचा आधार द्यायचा असतो, तो ठेकेदाराने तिसऱ्या खड्ड्याला दिला नाही. माती ढासळली आणि कान्हा आतच गेला. ठेकेदाराने सांगितलं, दारू पिऊन पडला. ते सगळ्यांनी मानलं. खरं काय ते कुठल्याच कागदावर आलं नव्हतं, आणि मॅडमना ते सलत होतं.

म्हणून पेपरच्या शेवटी, आभाराच्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं: बाजूंना आधार न दिल्यामुळे तिसरा खड्डा ढासळला आणि त्यात कान्हाचा मृत्यू झाला. "छापलेलं राहतं, अनुया," त्या मला म्हणाल्या. कान्हाच्या बायकोला, शुक्रीला, त्यांनी तसं वचनही दिलं.

आता परिषदवाल्यांचा साचा. तो ज्याने बनवला त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे. पान दोन कॉलमचं, अक्षराचा आकार ठरलेला, सहा पानांच्या वर एक ओळ गेली तरी पेपर परत. संदर्भांना चौकोनी कंसात नंबर, मजकुरात ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने. शेवटच्या पानावर दोन्ही कॉलम खाली सारखे संपले पाहिजेत.

आमच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर मजकूर साच्यात ओतला, तर थोड्या ओळी सातव्या पानावर सांडल्या. मजकुराच्या अखेरीस सलग सेक्शन ब्रेक, म्हणजे दोन्ही कॉलम आपोआप सारखे करणारी खूण, टाकलेला होता, त्यामुळे त्या ओळीही शहाण्यासारख्या निम्म्या डावीकडे, निम्म्या उजवीकडे बसल्या. मला हसू आलं. मॅडमना नाही आलं.

ओळ वाचवायची तर एक युक्ती असते. ज्या परिच्छेदाची शेवटची ओळ दोन-तीन शब्दांचीच आहे, तो शोधायचा. त्यातले थोडे शब्द उडवले की अख्खी ओळ वर जाते. असे परिच्छेद आम्ही शोधत सुटलो. प्रस्तावनेत एक सापडला, निष्कर्षात एक. आभारातही सापडला. मॅडमनी 'बाजूंना आधार न दिल्यामुळे' एवढे शब्द काढले, ओळ वर गेली, आणि आम्ही पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. त्या घटकेला आम्हाला फक्त ओळी दिसत होत्या.

तरीही बसेना. शेवटी मॅडमनी स्वतःच्याच जुन्या पेपरचा संदर्भ काढला, चौथ्या नंबरचा, आणि त्याच्यावरचा मोठा परिच्छेदही. स्वतःचं काम कापताना त्यांचा चेहरा उतरला होता. पण सातवं पान गेलं. मग नंबरांची रड सुरू झाली. पाचाचा चार, सहाचा पाच, यादीतही आणि मजकुरातही, सगळं हाताने. एका आकृतीच्या खाली अकरा तसाच राहिला होता आणि यादी संपत होती दहावर. तो मी पकडला, तेव्हा मॅडमनी पाठ थोपटली.

शेवटचं पान छापून आलं. दोन्ही कॉलम एका रेषेत संपलेले, खाली पान कोरं. मॅडमनी पट्टी लावून पाहिलं. किती दिवसांनी त्या हसल्या! पेपर त्याच दिवशी कुरिअरने गेला.

परिषदेचा ग्रंथ आला तेव्हा मॅडम मला घेऊन वाडीवर गेल्या. वीटभट्टीवरून आलेली शुक्री हात धुऊन समोर बसली. मॅडमनी शेवटचं पान उघडलं आणि आभाराचा परिच्छेद तिला मराठीत सांगितला: तिसरा खड्डा ढासळला आणि त्यात कान्हाचा मृत्यू झाला.

शुक्री थांबली. पुढचं ऐकायला थांबली होती.

"फळ्या नव्हत्या, त्ये लिवलंय ना बाई?"

मॅडमनी ती ओळ पुन्हा वाचली. मनातल्या मनात अजून एकदा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "जागा... जागा पुरत नव्हती."

शुक्रीला अक्षरओळख नव्हती. तिने पान आपल्याकडे ओढलं, सारख्या संपलेल्या दोन्ही कॉलमांच्या खाली, कोऱ्या भागावर हाताचा पंजा ठेवला. अख्खा पंजा मावला.

"हितं हाय की जागा," ती म्हणाली.